फिलिप्स वक्र कसा वाचायचा: प्रत्येक वक्रावर लिहायचा एक आकडा

अमेरिकेची तीन वर्षं शेजारी शेजारी ठेवून पाहा. १९६२ मध्ये बेरोजगारी ५.५ टक्के होती आणि ग्राहक किमतींवरून मोजलेली वार्षिक महागाई साधारण १ टक्का. १९७२ मध्ये बेरोजगारी ५.६ टक्के आणि महागाई ३.२ टक्के. १९७९ मध्ये बेरोजगारी ५.८ टक्के आणि महागाई ११.३ टक्के. बेरोजगारी जवळजवळ जागची हललेली नाही, महागाई मात्र एकावरून अकरावर गेली आहे.

बेरोजगारी कमी तर महागाई जास्त, बेरोजगारी जास्त तर महागाई कमी, एवढंच फिलिप्स वक्राबद्दल माहीत असणाऱ्याला ही तीन वर्षं कोड्यात टाकतात. हे कोडं सुटण्यासाठी वक्र काढताना एक सवय लावून घ्यावी लागते: प्रत्येक अल्पकालीन वक्रावर, तो कोणत्या अपेक्षित महागाईसाठी काढला आहे, तो आकडा लिहायचा. पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांत हा आकडा बऱ्याचदा कोपऱ्यात असतो आणि विद्यार्थी वही भरताना तो गाळतात. माझ्या मते या विषयातला निम्मा गोंधळ त्या गाळलेल्या आकड्यामुळे होतो. सोबत कागद-पेन्सिल किंवा स्प्रेडशीट घ्या, म्हणजे पुढचं सगळं हातानं करून बघता येईल.

पहिली पायरी: साधा वक्र काढा

आडव्या अक्षावर बेरोजगारीचा दर घ्या, उभ्या अक्षावर महागाईचा. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवणारे ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनी १९५८ मध्ये ब्रिटनची १८६१ ते १९५७ पर्यंतची आकडेवारी अशीच मांडली. फक्त त्यांच्या उभ्या अक्षावर वस्तूंच्या किमती नव्हत्या, पैशातल्या मजुरीचा वाढीचा वेग होता. बेरोजगारी कमी असलेल्या वर्षांत मजुरी झपाट्यानं वाढत होती, जास्त असलेल्या वर्षांत संथ. १९६० मध्ये पॉल सॅम्युएलसन आणि रॉबर्ट सोलो यांनी हाच विचार अमेरिकेला लावला आणि मजुरीच्या जागी किमती आणल्या. मजुरी हा उत्पादन खर्चाचा मोठा भाग असल्यामुळे हा बदल सहज पटण्यासारखा होता.

आता अमेरिकेच्या साठच्या दशकातले चार बिंदू टाका. १९६१: बेरोजगारी ६.७, महागाई १. १९६५: ४.५ आणि १.६. १९६७: ३.८ आणि ३.१. १९६९: ३.५ आणि ५.५. उजवीकडून डावीकडे जाताना वर चढत जाणारी आणि शेवटी चांगलीच उभी होणारी रेषा दिसेल. त्या काळी अनेकांनी हा वक्र म्हणजे निवडीसाठी समोर ठेवलेली यादीच मानली: थोडी महागाई सोसा, त्या बदल्यात कायमची कमी बेरोजगारी घ्या. सॅम्युएलसन आणि सोलो यांनी मात्र हा वक्र काळानुसार सरकू शकतो, अशी सूचना आपल्या लेखातच दिलेली होती. तिच्याकडे लक्ष कमी गेलं.

दुसरी पायरी: मजुरीच्या बोलणीत डोकावा

वक्राचा उतार कुठून येतो हे कळलं की तो सरकतो का, हेही कळतं. म्हणून एका कारखान्यातल्या मजुरी कराराकडे जरा जवळून पाहू. करार वर्षभरासाठी होणार आहे. मजुरी १०० एकक आहे. कामगाराची उत्पादकता वर्षाला १ टक्क्यानं वाढते आणि दोन्ही बाजूंना वाटतं की येत्या वर्षी किमती २ टक्क्यांनी वाढतील. कामगारांना उत्पादकतेएवढी खरी वाढ मिळावी यावर एकमत आहे. म्हणून मजुरी १०३ ठरते: २ टक्के महागाईची भरपाई आणि १ टक्का खरी वाढ.

करारावर सह्या झाल्यावर देशातली एकूण मागणी अंदाजापेक्षा जास्त वाढली आणि किमती २ ऐवजी ३ टक्क्यांनी वाढल्या. कारखान्याच्या मालाला ३ टक्के जास्त भाव मिळतो आणि प्रत्येक कामगार १ टक्का जास्त माल काढतो, म्हणजे एका कामगारामागची आवक साधारण ४ टक्क्यांनी वाढली. मजुरी मात्र ३ टक्क्यांनीच वाढली आहे. मालकाला आणखी माणसं घेणं परवडतं आणि तो घेतो. इकडे कामगाराची खरी मजुरी वाढलीच नाही, पण ते त्याला करार संपत येईपर्यंत पुरतं जाणवत नाही आणि जाणवलं तरी करार मध्येच बदलता येत नाही.

देशभर असंच झालं की बेरोजगारी खाली आणि महागाई वर जाते. आपण वक्रावर डावीकडे वर सरकलो. या सगळ्याचं मूळ मात्र २ आणि ३ मधल्या फरकात आहे. किमती ३ टक्क्यांनी वाढणार हे सह्या करतानाच माहीत असतं, तर मजुरी १०४ ठरली असती आणि जास्त माणसं घेण्याचं कारणच उरलं नसतं. रोजगार वाढवते ती महागाई नव्हे, अपेक्षेपेक्षा जास्त निघालेली महागाई. नवख्या वाचकानं या पायरीवर हवा तेवढा वेळ थांबावं, कारण पुढचं सगळं याच एका गोष्टीतून निघतं.

पुढच्या वर्षीच्या बोलणीला कामगार येतात तेव्हा त्यांच्यासमोर ३ टक्के महागाईचं वर्ष असतं. आता ते ४ टक्के मागतात. मालकालाही किमती तेवढ्या वाढणार असं वाटत असल्यामुळे तो देतो. त्याच बेरोजगारीला आता महागाई जास्त निघते, म्हणजे पूर्ण वक्रच वर सरकला. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६७ च्या अखेरीस अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात आणि एडमंड फेल्प्स यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे हा मुद्दा मांडला. दोघांनीही तो सत्तरच्या दशकातले आकडे हाती येण्याआधी, केवळ तर्कानं मांडला होता, हे मला आजही विशेष वाटतं.

तिसरी पायरी: समीकरण लिहा आणि नैसर्गिक दर कुठे बसतो ते पाहा

वरची गोष्ट एका ओळीत अशी लिहिता येते:

```
महागाई = अपेक्षित महागाई − ०.५ × (बेरोजगारी − नैसर्गिक दर) + धक्का
```

०.५ हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे. तो वक्राचा उतार सांगतो: बेरोजगारी वर्षभर नैसर्गिक दराच्या एक टक्का खाली राहिली तर महागाई अपेक्षेच्या अर्धा टक्का वर जाते. प्रत्यक्षात हा आकडा देशागणिक आणि काळागणिक वेगळा असतो. ‘धक्का’ म्हणजे तेलाच्या किमती अचानक वाढणं किंवा पीक बुडणं यांसारखं, मागणीशी संबंध नसलेलं कारण. तो सध्या शून्य धरू.

नैसर्गिक दर म्हणजे, लोकांची महागाईबाबतची अपेक्षा खरी ठरत असताना टिकून राहणारा बेरोजगारीचा दर. तो शून्य नसतो. कुणी नोकरी सोडून दुसरी शोधत असतं, कुणी शिक्षण संपवून नुकतंच कामाच्या शोधात उतरलेलं असतं, कुणाचं कौशल्य एका उद्योगातलं असतं आणि जागा दुसऱ्या उद्योगात किंवा दुसऱ्या शहरात निघालेल्या असतात. कामगार आणि जागा यांची गाठ किती लवकर पडते, बेकारी भत्ता किती आणि किती काळ मिळतो, मजुरी कशी ठरते, तरुण कामगारांचं प्रमाण किती, यांवर हा दर ठरतो.

इथे तीन गैरसमज हमखास होतात. ‘नैसर्गिक’ म्हटलं म्हणून हा दर चांगला किंवा न्याय्य ठरत नाही. तो कायमचा ठरलेलाही नसतो. प्रशिक्षण, रोजगार माहितीची व्यवस्था, लोकसंख्येची रचना बदलली की तोही बदलतो. आणि पैसा सैल करून किंवा सरकारी खर्च वाढवून तो खाली आणता येत नाही, कारण ही साधनं मागणीवर चालतात आणि हा दर श्रमबाजाराच्या रचनेतून येतो. उलट दिशेला मात्र धोका संभवतो. ऑलिव्हिए ब्लांशार आणि लॉरेन्स समर्स यांनी १९८६ मध्ये युरोपबद्दल असं मांडलं की मंदी फार काळ लांबली तर तिच्यातली बेरोजगारी टिकून राहते आणि नैसर्गिक दरच तिच्यामागे वर जातो.

चौथी पायरी: चार वर्षं हातानं चालवा

एक काल्पनिक अर्थव्यवस्था घ्या. नैसर्गिक दर ५ टक्के. महागाई बरीच वर्षं २ टक्के आहे आणि सगळ्यांची अपेक्षाही २ टक्केच आहे. लोक पुढच्या वर्षाची अपेक्षा गेल्या वर्षीच्या महागाईवरून ठरवतात, असं धरा. सरकार आणि मध्यवर्ती बँक मिळून ठरवतात की बेरोजगारी ३ टक्क्यांवर आणायची आणि तिथेच ठेवायची.

पहिल्या वर्षी अपेक्षा २ आहे. बेरोजगारी नैसर्गिक दराच्या २ टक्के खाली, त्याचा निम्मा म्हणजे १. महागाई ३ टक्के. दुसऱ्या वर्षी अपेक्षाच ३ होते, म्हणून त्याच ३ टक्के बेरोजगारीला महागाई ४ टक्के निघते. पुढची वर्षं याच रीतीनं स्वतः भरा आणि मग या तक्त्याशी ताडून पाहा.

| वर्ष | अपेक्षित महागाई | बेरोजगारी | प्रत्यक्ष महागाई |
|---|---|---|---|
| ० | २ | ५ | २ |
| १ | २ | ३ | ३ |
| २ | ३ | ३ | ४ |
| ३ | ४ | ३ | ५ |
| ४ | ५ | ३ | ६ |

आता हे कागदावर उतरवा. वर्ष ० आणि वर्ष १ एकाच वक्रावर आहेत, त्या वक्रावर ‘अपेक्षा २’ असं लिहा. वर्ष २ साठी दुसरा वक्र काढावा लागेल, पहिल्याला समांतर आणि बरोबर १ टक्का वर. त्यावर ‘अपेक्षा ३’. असे चार वक्र होतील. पहिल्या वर्षी आपण वक्रावरून सरकलो. नंतरची तीन वर्षं वक्रच आपल्याला घेऊन सरकला. बेरोजगारी तीच असूनही महागाई दर वर्षी वाढत गेली, कारण बेरोजगारी ३ वर धरून ठेवायची तर दर वर्षी लोकांच्या अपेक्षेला मागे टाकावं लागतं.

पाचव्या वर्षी धोरणकर्ते थांबतात आणि बेरोजगारी ५ वर परत येऊ देतात. समीकरणात घाला: अपेक्षा ६, कंसातला फरक शून्य, महागाई ६. ती २ वर परतत नाही. ६ वर स्थिर होते. बेरोजगारी जुन्या जागी आली, महागाई चार टक्के वर राहिली.

पाचवी पायरी: उभी रेषा काढा

दीर्घकालीन वक्रासाठी वेगळ्या सिद्धांताची गरज नाही. दीर्घकाळ म्हणजे अपेक्षा आणि प्रत्यक्ष महागाई यांचा मेळ बसण्याइतका काळ. समीकरणात दोन्ही सारख्या ठेवा, त्या एकमेकींना खोडतात आणि बेरोजगारी = नैसर्गिक दर एवढंच उरतं. महागाई २ असो, ६ असो की १०, बेरोजगारी ५. कागदावर ५ वर एक सरळ उभी रेषा ओढा. आधी काढलेला प्रत्येक अल्पकालीन वक्र या रेषेला बरोबर त्याच्यावर लिहिलेल्या अपेक्षेच्या उंचीवर छेदतो. ‘अपेक्षा ४’ चा वक्र रेषेला ४ वर छेदत नसेल, तर आकृती चुकली आहे. परीक्षेत आकृती तपासायला याहून सोपी कसोटी नाही.

या रेषेचा अर्थही नेमका धरा. महागाईनं काहीच बिघडत नाही, असं ती म्हणत नाही. महागाईची पातळी वाढवून बेरोजगारीची पातळी कायमची विकत घेता येत नाही, एवढंच ती म्हणते. ‘दीर्घकाळ’ म्हणजे किती वर्षं, याचं एकच उत्तर नाही. करार लांब मुदतीचे असतील आणि महागाई बरीच वर्षं शांत राहिली असेल तर अपेक्षा हलायला वेळ लागतो. महागाई आधीच चढी असेल, तर लोक तिच्यावर डोळा ठेवून असतात आणि अपेक्षा काही महिन्यांत हलू शकते.

सहावी पायरी: परतीचा हिशेब करा

महागाई ६ वरून पुन्हा २ वर आणायची आहे. अपेक्षा अजूनही गेल्या वर्षीच्या महागाईएवढीच धरली जात असेल, तर बेरोजगारी नैसर्गिक दराच्या वर न्यावी लागेल. ती ७ वर ठेवली तर दर वर्षी महागाई १ टक्क्यानं उतरते: ५, ४, ३, २. चार वर्षं, दर वर्षी २ टक्के जादा बेरोजगारी, म्हणजे एकूण ८ टक्का-वर्षं. जाताना आपण चार वर्षं २ टक्के कमी बेरोजगारी उपभोगली होती, तीही ८ टक्का-वर्षंच. या साध्या नमुन्यात मिळवलेलं सगळं परत करावं लागतं. महागाई एका टक्क्यानं खाली आणण्याची किंमत इथे २ टक्का-वर्षं पडली. याला त्याग गुणोत्तर म्हणतात. ते उत्पादनातल्या तुटीवरूनही मोजतात, म्हणून कुणी आकडा सांगितला की मोजमाप कशाचं आहे ते आधी पाहावं.

आता एकच गोष्ट बदला. मध्यवर्ती बँकेनं २ टक्क्यांचं लक्ष्य जाहीर केलं आणि लोकांनी तिच्यावर अर्धा विश्वास ठेवला. अपेक्षा आता गेल्या वर्षीची महागाई आणि लक्ष्य यांच्या बरोबर मध्ये बसते. पहिल्या वर्षी अपेक्षा ६ आणि २ यांच्या मध्ये, म्हणजे ४. बेरोजगारी ७ ठेवली, महागाई ३. दुसऱ्या वर्षी अपेक्षा ३ आणि २ च्या मध्ये, म्हणजे २.५. आता बेरोजगारी ६ पुरते: २.५ वजा ०.५, महागाई २. तिसऱ्या वर्षी अपेक्षा २, बेरोजगारी ५, महागाई २. एकूण किंमत २ अधिक १, म्हणजे ३ टक्का-वर्षं, आधीच्या ८ ऐवजी. उतार तोच, नैसर्गिक दर तोच, फक्त अपेक्षा ठरण्याची रीत बदलली.

लोक उपलब्ध माहिती पूर्णपणे वापरून अपेक्षा ठरवतात असं मानणाऱ्या रॉबर्ट लुकस आणि थॉमस सार्जंट यांच्या मांडणीत हे टोकाला जातं. घोषणेवर पूर्ण विश्वास बसला आणि मजुरी-किमती लगेच जुळवून घेऊ शकल्या, तर किंमत जवळजवळ शून्य. प्रत्यक्षात दोन्ही अटी अर्धवटच पुऱ्या होतात. जुने करार चालू असतात आणि विश्वास घोषणेनं मिळत नाही.

पॉल व्होल्कर १९७९ मध्ये फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष झाले, त्यानंतरची वर्षं हेच दाखवतात. महागाई १९८० च्या १३.५ टक्क्यांवरून १९८३ मध्ये ३.२ वर आली. बेरोजगारी १९८० ते १९८३ अशी होती: ७.१, ७.६, ९.७, ९.६, १९८२ च्या अखेरीस ती १०.८ पर्यंत गेली होती. नैसर्गिक दर ६ धरला तर या चार वर्षांची जादा बेरोजगारी १.१, १.६, ३.७ आणि ३.६, एकूण १० टक्का-वर्षं. महागाई १०.३ टक्क्यांनी उतरली, म्हणजे एका टक्क्याला साधारण एक टक्का-वर्ष. विश्वास सुरुवातीला कमी होता म्हणून किंमत मोठी पडली. जुन्या पद्धतीच्या अपेक्षा धरून केलेले कित्येक अंदाज मात्र याहूनही वाईट होते. १९८४ मध्येही बेरोजगारी ७.५ होती, ती या बेरजेत धरलेली नाही. धरली तर आकडा वाढतो. शिवाय या काळात तेलाच्या किमतीही उतरल्या, त्याचं श्रेय धोरणाला देता येत नाही.

सातवी पायरी: खऱ्या आकड्यांवर ताडून पाहा

अपेक्षा थेट दिसत नाही, मग आकड्यांत ती शोधायची कशी? ती गेल्या वर्षीच्या महागाईएवढी होती असं धरलं, तर समीकरणात अपेक्षित महागाई डावीकडे नेता येते आणि डाव्या बाजूला ‘महागाईतला बदल’ उरतो. स्प्रेडशीटमध्ये चार रकाने करा: वर्ष, बेरोजगारी, महागाई, गेल्या वर्षीपेक्षा महागाईतला फरक. मग आडव्या अक्षावर बेरोजगारी आणि उभ्या अक्षावर हा फरक घेऊन बिंदू टाका.

अमेरिकेत १९६८ मध्ये बेरोजगारी ३.६ आणि फरक अधिक १.१. १९६४ मध्ये ५.२ आणि फरक शून्य. १९७१ मध्ये ५.९ आणि उणे १.३. १९७५ मध्ये ८.५ आणि उणे १.९. १९८२ मध्ये ९.७ आणि उणे ४.१. साध्या आकृतीत सत्तरचं दशक विस्कटलेलं दिसतं, या आकृतीत मात्र उतार पुन्हा दिसू लागतो. रेषा जिथे शून्याला छेदते, म्हणजे महागाई वाढतही नाही आणि घटतही नाही, ती बेरोजगारी म्हणजे नैसर्गिक दराचा अंदाज. या थोड्या बिंदूंवरून तो ५ ते ६ च्या आसपास दिसतो.

आता रेषेपासून लांब पडलेले बिंदू पाहा. १९७४: बेरोजगारी ५.६, तरी फरक अधिक ४.८. १९७९: ५.८ आणि अधिक ३.७. ही तेलाच्या किमती भडकल्याची वर्षं आहेत, म्हणजे समीकरणातला ‘धक्का’. असे बिंदू रेषेत ओढून बसवू नका. त्यांच्यावर कारण लिहून ठेवा. १९७२ बाबतही सावध राहा, कारण १९७१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मजुरी आणि किमतींवर सरकारी नियंत्रण आलं होतं आणि ३.२ टक्के महागाई अंशतः त्यामुळे दबलेली होती. सुरुवातीच्या तीन वर्षांचं कोडं असं उलगडतं: १९६२ ते १९७२ मधला फरक मुख्यतः अपेक्षेचा, १९७९ मधला अपेक्षा आणि धक्का दोन्हींचा.

१९७७ जास्त अवघड आहे. बेरोजगारी ७.१ टक्के, तरी महागाई ०.७ नं वाढली. तेव्हा तेलाचा मोठा धक्का नव्हता. एक शक्यता अशी की नैसर्गिक दरच वर गेला होता, कारण तरुण कामगार मोठ्या संख्येनं श्रमबाजारात येत होते आणि ते नोकऱ्या जास्त वेळा बदलतात. दुसरी शक्यता, लोकांची अपेक्षा गेल्या वर्षीच्या ५.८ टक्क्यांपेक्षा जास्त होती. एका बिंदूवरून या दोन्हींत निवाडा होत नाही. नैसर्गिक दराचा कोणताही अंदाज म्हणूनच एक आकडा न मानता पट्टा मानावा. फेडरल रिझर्व्हच्या धोरण समितीच्या सदस्यांचा दीर्घकालीन बेरोजगारीचा अंदाज २०१२ मध्ये बहुतांशी ५.२ ते ६ टक्के होता. २०१९ च्या अखेरीस त्यांच्या अंदाजाचा मध्यक ४.१ होता. प्रत्यक्ष बेरोजगारी तेव्हा ३.५ च्या आसपास होती आणि तरी महागाई भडकत नव्हती.

आठवी पायरी: अपेक्षा बांधलेली आहे की सुटलेली, ते तपासा

सातव्या पायरीतली युक्ती एका गृहीतकावर उभी आहे: लोक गेल्या वर्षीकडे बघतात. १९९० मध्ये न्यूझीलंडनं महागाईचं लक्ष्य ठरवून देण्याची पद्धत सुरू केली आणि नंतर अनेक देशांनी ती घेतली. लक्ष्यावर विश्वास बसला की गेल्या वर्षी महागाई १ असो की ३, लोक पुढच्या वर्षासाठी लक्ष्याच्या जवळचाच आकडा धरतात. अशा काळात महागाईतला फरक घेऊन काढलेली आकृती फसवते आणि महागाईची पातळी घेतलेली जुनी आकृती पुन्हा बरी चालते. पण म्हणून कायमची निवडयादी परत मिळाली असं समजू नये. अपेक्षा बांधलेली आहे तोवरच वक्र जागचा हलत नाही, आणि ती बांधलेली राहते कारण मध्यवर्ती बँक तिचा फायदा उठवत नाही.

तपासायला तीन खुणा आहेत. घरगुती ग्राहकांची सर्वेक्षणं, उदाहरणार्थ मिशिगन विद्यापीठाचं. व्यावसायिक अंदाजकर्त्यांची सर्वेक्षणं. आणि साधे सरकारी रोखे व महागाईशी जोडलेले रोखे यांच्या परताव्यातला फरक. कुटुंबांनी सांगितलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा बहुधा जास्त असतो, म्हणून त्याची पातळी न बघता दिशा बघा. रोख्यांतल्या फरकात जोखमीची भरपाईही मिसळलेली असते. त्यातही एका वर्षाची अपेक्षा आणि पाच-दहा वर्षांची अपेक्षा वेगळी वाचा. पहिली पेट्रोलच्या भावाबरोबर हलते. दुसरी हलली तर वक्र खरंच सरकतो आहे.

अमेरिकेचं २०२२-२३ याच कसोटीवर वाचा. जून २०२२ मध्ये वार्षिक महागाई ९.१ टक्के होती, जून २०२३ मध्ये ३ टक्के. बेरोजगारी दोन्ही वेळी ३.६ टक्के. चौथ्या पायरीतला तक्ता खरा धरला तर हे शक्यच नाही: बेरोजगारी न वाढता महागाई सहा टक्क्यांनी उतरली. पण समीकरणाचे तीन भाग वेगवेगळे तपासले तर चित्र जुळतं. दीर्घ मुदतीची अपेक्षा या काळात फारशी सुटली नव्हती. ऊर्जा आणि पुरवठा साखळीचा धक्का आला तसा बराचसा ओसरला. आणि श्रमबाजारातला ताण बेरोजगारीतून नव्हे, तर भरायच्या रिकाम्या जागा घटून कमी झाला, जो आपल्या आडव्या अक्षावर दिसतच नाही. यातला कुठला भाग किती, यावर अर्थतज्ज्ञांत अजून वाद आहे. तुम्ही या वर्षांचा बिंदू टाकाल तेव्हा त्याच्याशेजारी दीर्घ मुदतीची अपेक्षा लिहा, धक्क्याची दिशा लिहा आणि रिकाम्या जागांचा एक रकाना स्प्रेडशीटमध्ये वाढवा.